पिवळा म्हणजे कोणता पिवळा?

दिग्दर्शक म्हणतो, "माजघर पिवळं हवंय." कॅमेरामन मान डोलावतो. त्याच्या मनात ६० वॅटच्या बल्बचा उजेड असतो. आर्ट डायरेक्टरही मान डोलावतो. त्याच्या मनात पिवळ्या मातीने सारवल्यासारखी भिंत असते. शूटिंगच्या दिवशी पिवळ्या भिंतीवर पिवळा उजेड पडतो, आजीचं काम करणाऱ्या बाईंचा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसतो आणि तिघंही मॉनिटरसमोर गप्प उभे राहतात. प्रत्येकाने सांगितलेलं काम चोख केलेलं असतं.

मराठीत पिवळ्याला शब्द कमी नाहीत. हळदी आहे, लिंबू आहे, शेवंती आहे, जुन्या पोथीच्या पानाचा आहे. पण शब्द ऐकून प्रत्येक जण आपल्या घरातली हळद आठवतो. शिवाय कॅमेरामन उजेड आणि लेन्सच्या भाषेत विचार करतो, आर्ट डायरेक्टर भिंती, कापड आणि वस्तूंच्या. दोघांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र यावं, यासाठी शूटिंगच्या कितीतरी आधी दोन गोष्टी तयार कराव्या लागतात: मूड बोर्ड आणि लुकबुक.

मूड बोर्ड म्हणजे एकच मोठा फलक. वीस-पंचवीस चित्रं शेजारी शेजारी लावलेली, एका नजरेत बघायची. सिनेमा कसा वाटायला हवा, एवढंच तो सांगतो. लुकबुक ही पंधरा-वीस पानांची वही. जे वाटायला हवं ते कशाने वाटेल, कोणत्या उजेडाने, कोणत्या भिंतीने, कोणत्या लेन्सने, हे ती पानोपानी सांगते. निर्मात्याला दाखवायची देखणी फाइल ही तिसरीच वस्तू. तिचं काम सिनेमा विकणं. तीच फाइल कॅमेरामनच्या हातात ठेवली की घोटाळा होतो, कारण तिच्यातली चित्रं सुंदर असतात, उपयोगाची असतीलच असं नाही.

चित्रांतून सिनेमा सांगण्याची ही रीत इंटरनेटने आणलेली नाही. सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'साठी पूर्ण पटकथा बांधलेली नव्हती. त्यांच्याकडे टिपणं होती आणि स्वतः काढलेल्या चित्रांची वही होती. तीच ते निर्मात्यांना दाखवत. पण चित्र काढता येणं एक आणि ते दोन खात्यांनी मिळून पडद्यावर आणणं दुसरं. 'अपराजितो'च्या (१९५६) वेळचा किस्सा सिनेमाच्या अभ्यासकांना पाठ आहे. बनारसच्या घराचा चौक उघड्यावर उभारायचा बेत होता, पण पावसाच्या भीतीने कला दिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी तो कोलकात्याच्या स्टुडिओत उभारला. आता वरून आभाळाचा, सावली न पाडणारा उजेड आणायचा कुठून? कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी हे जमणार नाही म्हणून वाद घातला. मग सेटवर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्या कापडावर मारले आणि परतून येणारा उजेड चौकात पडू दिला. सेट कुठे उभारायचा हा प्रश्न आर्टचा, त्याचं उत्तर मात्र कॅमेऱ्याने दिलं. लुकबुक या दोन खात्यांच्या मधल्या जागेसाठी असतं.

आधी एक वाक्य

ही वही कशी बनते ते एका कल्पित लघुपटावरून पाहू. लांबी वीस मिनिटं, शूटिंग चार दिवस, पैसे बेताचे. गोष्ट अशी: पुण्यातला एक जुना वाडा पाडून तिथे इमारत होणार आहे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माई एकट्याच मागे राहिल्यात. नातू चार दिवसांसाठी सामान बांधायला येतो. मधेमधे १९८८ सालची दिवाळी येते, तेव्हा हा वाडा माणसांनी भरलेला होता.

अशी गोष्ट हातात आली की बहुतेक जण लगेच पिंटरेस्ट उघडतात आणि 'जुना वाडा' शोधतात. तासाभरात दोनशे चित्रं जमतात. सगळी देखणी, सगळी सोनेरी, आणि त्यातून काहीच ठरत नाही. उलट क्रमाने जावं. आधी संहिता दोनदा वाचावी आणि दिसण्याबद्दलचं एक वाक्य लिहावं. या गोष्टीसाठी ते असं असू शकतं: वाडा रिकामा होत जातो, तसतसा त्यात उजेड वाढत जातो.

या वाक्यात दोन्ही खात्यांना काम आहे. पहिल्या दिवशी माजघराची खिडकी एका फडताळाने अर्धी झाकलेली आहे, दुसरीसमोर ट्रंका रचल्या आहेत. सामान हलतं तशा खिडक्या मोकळ्या होतात. चौथ्या दिवशी रिकाम्या खोलीत भरपूर उजेड आहे आणि त्यात उभं राहवत नाही. म्हणजे इथे उजेड आनंदाचा नाही, वाडा संपत आल्याचा आहे. फडताळ कुठे ठेवायचं हा आता आर्ट डायरेक्टरचा एकट्याचा निर्णय राहिला नाही. ते हललं की कॅमेरामनचा दिवा बदलतो.

वाक्य लिहून झालं की चित्रं गोळा करावीत, आणि सुरुवात सिनेमांपासून करू नये. कारण सिनेमातली चौकट म्हणजे दुसऱ्या कुणी दुसऱ्या गोष्टीसाठी आधीच सोडवलेलं गणित. आधी घरचे अल्बम, जुन्या वाड्यांचे फोटो, चित्रं बघावीत. दिवाळीच्या रात्रीसाठी सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातलं चित्र आठवावं. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते आहे आणि पुष्कळ लोक ते चुकून राजा रविवर्म्याचं समजतात. त्यातल्या मुलीच्या हातात दिवा आहे. उजेड खालून येतो, चेहऱ्यावर पडतो आणि पाठीमागे लगेच विरतो. ज्योतीवर आडव्या धरलेल्या बोटांतून तांबूस प्रकाश झिरपतो. दिव्याचा उजेड म्हणजे काय, हे कॅमेरामनला सांगायला यापेक्षा जवळचं चित्र नाही.

त्यानंतर सिनेमांकडे वळावं. शॉटडेकसारख्या संकेतस्थळांवर सिनेमांतल्या चौकटी उजेड, रंग, लेन्स अशा निकषांवर शोधता येतात. मात्र एकाच सिनेमातली सात-आठ चित्रं आपल्या फलकावर आली, तर आपण नक्कल करतोय हे ओळखावं.

दीडशे चित्रं जमली की त्यातली पंचवीस ठेवावीत. प्रत्येक चित्राला आपलं वाक्य लावून बघायचं. नुसतं आवडलं म्हणून घेतलेलं असेल तर काढून टाकायचं. उरलेली एका फलकावर लावून चार पावलं मागे जावं आणि डोळे किलकिले करून बघावं. फलकाचा एकच रंग, एकच सूर जाणवत असेल तर मूड बोर्ड झाला. दोन-तीन चित्रं दातात कण अडकावा तशी खुपत असतील तर ती चुकीची आहेत, किंवा आपलं वाक्य अपुरं आहे.

चित्राखालची ओळ

आता लुकबुक. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो आणि तो एका साध्या कारणाने होतो. एका चित्रात दहा गोष्टी असतात आणि त्यातली आपल्याला हवी ती कोणती, हे चित्र सांगत नाही.

समजा, आपण एक फोटो घेतला. खिडकीशी बसलेली बाई, डावीकडून येणारा मऊ उजेड, मागे हिरवी भिंत. आपल्याला हवा होता तो उजेड. आर्ट डायरेक्टरने पाहिली हिरवी भिंत, आणि ती रंगवून मोकळा झाला. त्याचं काय चुकलं? म्हणून प्रत्येक चित्राखाली दोन छोट्या ओळी लिहायच्या: काय घ्यायचं आणि काय सोडायचं. वरच्या फोटोखाली लिहायचं, 'घ्या: एकाच बाजूने येणारा उजेड, दुसरा गाल जवळजवळ काळोखात. सोडा: भिंतीचा रंग.' हळदणकरांच्या चित्राखाली लिहायचं, 'घ्या: चौकटीत दिसणारा एकच दिवा, उजेड खालून. सोडा: मुलीची उभं राहण्याची ढब.' हे लिहिताना कधी कधी 'घ्या'समोर काहीच सुचत नाही. तसं झालं तर ते चित्र वहीत नको.

आपल्या लघुपटाच्या वहीत सगळ्यात महत्त्वाचं पान उजेडाचं. त्यावर चार दिवसांच्या चार चौकटी एका ओळीत, काळोखाकडून उजेडाकडे जाणाऱ्या. वरवर हे पान कॅमेरामनचं दिसतं. पण जुन्या वाड्याच्या भिंतींना चुना असतो, बहुतेकदा नीळ घातलेला. पांढरी भिंत उजेड गिळत नाही, परत फेकते. लहान खोलीत तो या भिंतीवरून त्या भिंतीवर उसळतो, कोपऱ्यातल्या सावल्या भरून काढतो, आणि पहिल्या दिवसाचा काळोख कितीही दिवे विझवले तरी मिळत नाही. उपाय आर्ट डायरेक्टरकडे आहे: भिंत दोन छटा गडद करायची, खालच्या बाजूला ओल आणि तेलकट हातांचे डाग द्यायचे. त्यामुळे भिंतीच्या रंगाचा नमुना उजेडाच्या पानावरच चिकटवायचा. रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड कापून लावलं आणि खाली क्रमांक लिहिला, की 'मळकट पांढरा' म्हणजे नेमका कोणता यावर वाद उरत नाही.

याच पानावर एक बारीक गोष्ट. तसबिरी आणि फडताळ काढल्यावर भिंतीवर त्यांच्या आकाराचे फिकट चौकोन उरतात, कारण तिथे धूर आणि धूळ पोचलेली नसते. चौथ्या दिवशी भरपूर उजेडात हे चौकोनच माईंची गोष्ट सांगणार. ते आर्टवाल्यांनी आधी रंगवून वर तसबिरी लावून ठेवायला हव्यात. हे वहीत नसलं तर चौथ्या दिवशी सकाळी कुणालाही सुचून उपयोग नाही.

जुना काळ पिवळा नव्हता

दुसरं महत्त्वाचं पान १९८८ सालचं. भूतकाळ म्हटला की पिवळसर-तपकिरी, ही सवय लागलेली आहे. त्या काळचे रंगीत फोटो अल्बममधून काढले तर तेही लालसर दिसतात आणि आपल्याला वाटतं, बघा, पुरावाच मिळाला. पण तो लालसरपणा त्या काळाचा नाही. तेव्हाच्या रंगीत छायाप्रतींतला निळसर रंग वर्षानुवर्षं अल्बमात राहून आधी विटत असे आणि मागे तांबूस झाक उरत असे. त्या दिवाळीत हिरवी साडी हिरवीच होती. म्हणून अल्बममधल्या फोटोंखाली ओळ लिहायची: 'घ्या: माणसांची दाटी, वस्तू, कपड्यांचे काठ. सोडा: रंग.'

मग दोन काळ वेगळे कशाने दिसतील? पहिलं उत्तर दिव्याने. तेव्हाच्या घरात साधा बल्ब आहे, त्याचा उजेड साधारण २,७०० केल्विनचा, म्हणजे उबदार. आज माईंच्या खोलीत पांढरी ट्यूब किंवा एलईडी आहे, ती बहुधा ६,५०० च्या आसपास, म्हणजे निळसर. हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. ज्या बल्बचा उजेड वहीत लिहिलाय तो भिंतीवर खरोखर दिसणार असेल, तर बटणाची पट्टी, वायर आणि होल्डर त्या काळचे हवेत, आणि ते काम आर्टचं.

दुसरं उत्तर गर्दीने. भूतकाळाच्या चौकटीत कुठेही मोकळी भिंत नको. खुंट्यांवर कपडे, कोनाड्यात डबे, सरकत्या दारांच्या पेटीतला टीव्ही, भिंतीवर कालनिर्णय. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरमध्ये होती, तेव्हा पान नोव्हेंबरचं हवं. प्रेक्षकांतला एक तरी जण ते वाचतोच.

लेन्सचं पान छोटं, पण खर्चावर थेट परिणाम करणारं. आजच्या काळासाठी कॅमेरा उंबरठ्यावर स्थिर, लेन्स २४ किंवा २८ मिलिमीटरची, माई खोलीत लहान दिसतात. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मधल्या (२०१४) दुरून, न हलता बघणाऱ्या चौकटी इथे संदर्भाला ठेवता येतील. भूतकाळात कॅमेरा माणसांच्या गर्दीत शिरलेला, लेन्स ५० किंवा ८५ ची. आर्ट डायरेक्टर या पानावर पहिला प्रश्न विचारतो, "किती दिसणार?" रुंद लेन्स कडीपाटापासून शहाबादी फरशीपर्यंत सगळं दाखवते, म्हणजे आजचं माजघर पूर्ण सजवावं लागेल. लांब लेन्सला भिंतीचा एक तुकडा पुरतो, म्हणजे १९८८ साठी दोन कोपरे नीट लावले की भागेल. ज्या काळासाठी जुन्या वस्तू भाड्याने आणायच्या, तोच नेमका कमी दिसणार. हे पान नसतं तर पैसे उलट्या जागी गेले असते.

वहीचं शेवटचं पान 'हे नको'चं. खिडकीतून धुरात येणारे सोनेरी पट्टे नकोत, मुद्दाम लावलेली कोळिष्टकं नकोत, भूतकाळात पिवळा नको. हे एक पान पुष्कळदा आधीच्या चार पानांहून जास्त काम करतं, कारण नको काय यावर माणसांचं चटकन एकमत होतं.

कागदावरून वाड्यात

वही तयार झाली की व्हॉट्सॲपवर धाडून मोकळं होऊ नये. फोनच्या पडद्यावर रंग भडक दिसतात, लॅपटॉपवर थंड, आणि पाठवताना चित्राचा दर्जा घसरतो तो वेगळाच. एक प्रत छापावी, तिला शेडकार्डचे तुकडे आणि साड्यांच्या कापडाचे नमुने लावावेत आणि कॅमेरामन व आर्ट डायरेक्टर दोघांना एकाच वेळी, एकाच टेबलावर बसवावं. वेगवेगळं भेटलं की दोघांना दोन वेगळे सिनेमे सांगितले जातात.

त्याच बैठकीत एक परीक्षा करता येते. प्रत्येक पानाचं चित्र फोनवर काळं-पांढरं करून बघायचं. माईंची राखाडी साडी आणि नीळ घातलेली भिंत रंगात वेगळ्या दिसत होत्या. काळ्या-पांढऱ्यात दोन्ही एकाच करड्या रंगाच्या झाल्या आणि माई भिंतीत विरघळल्या. म्हणजे कमी उजेडाच्या प्रसंगात त्या दिसणारच नाहीत. इथे साडी फिकट करणं हा स्वस्त उपाय आहे. कोरं सुती कापड चहाच्या पाण्यात बुडवून काढलं की त्याचा भगभगीत पांढरेपणा जातो. वेशभूषेत ही जुनी युक्ती आहे.

त्यानंतर रेकी. खरा वाडा कागदावरच्या वाड्याला विचारत नाही. माजघराची खिडकी पूर्वेला असेल असं आपण धरलं होतं. प्रत्यक्षात ती अरुंद बोळात उघडते, ऊन आत येतं ते दुपारी जेमतेम अर्धा-पाऊण तास. चौथ्या दिवसाचा 'भरपूर उजेड' आता तीन प्रकारे मिळवता येईल. त्या वेळेत मोजके शॉट उरकायचे, बोळात मोठा दिवा उभा करायचा, किंवा प्रसंग चौकात न्यायचा. पहिल्याला घाई होते, दुसऱ्याला परवानगी आणि पैसे लागतात, तिसऱ्याला संहिता बदलावी लागते. आपल्या पैशांत तिसरा बसतो. माई रिकाम्या चौकात उभ्या आहेत, वर आभाळ आहे. आपलं वाक्य बदललं नाही, बदललं ते फक्त पान. रेकीनंतर लुकबुक पुन्हा लिहावं लागतं आणि जुन्या चित्रांच्या जागी त्या वाड्याचेच फोटो येतात. तसं झालं नाही, तर वही आणि वाडा शेवटपर्यंत अनोळखी राहतात.

शेवटी अर्ध्या दिवसाची लुक टेस्ट. मीटरभर फळीवर ठरलेला भिंतीचा रंग, तीच साडी, तोच बल्ब, तोच कॅमेरा, आणि शक्य असेल तर माईंचं काम करणाऱ्या बाई स्वतः. पाच मिनिटं चित्रित करून वहीच्या पानाशेजारी ठेवायचं. पहिल्या परिच्छेदातली कावीळ इथेच पकडली जाते, तेव्हा फळी दुसऱ्या रंगाने रंगवायला दीडशे रुपये लागतात. अख्खं माजघर रंगवून झाल्यावर लक्षात आलं, तर एक दिवस जातो.

लुकबुकच्या मर्यादाही आहेत. ते अभिनय सांगत नाही, लय सांगत नाही. कॅमेरा आणि दिग्दर्शन एकाच माणसाकडे असेल, 'किल्ला'च्या अविनाश अरुण यांच्यासारखं, तर त्याचं अर्धं काम त्या माणसाच्या डोक्यातच होतं. आणि सेटवर एखादा ढग असं काही देऊन जातो, की वही मिटून ते घ्यावं. फक्त घेण्याआधी पहिल्या पानावरच्या वाक्याला विचारावं.

तुम्ही पहिला लघुपट करत असाल, तर हे सगळं लक्षात राहिलं नाही तरी चालेल. कॅमेरामन आणि आर्ट डायरेक्टर यांना वही वाचायला द्या, दुसऱ्या दिवशी परत मागून घ्या आणि दोघांना वेगवेगळं विचारा, "या सिनेमात उजेडाचं काय होतं?" दोघांचं उत्तर एकच आलं तर रंग आणायला माणूस पाठवा. नाही आलं, तर दोष त्यांचा नाही. तुमच्या पहिल्या पानावर वाक्य नाही, नुसती चित्रं आहेत.